भार पेलतो तो बँड

वायरची ब्रा जुनी झाली की टाकून देण्याआधी ती एकदा उसवून पाहावी. बारीक टोकाची कात्री आणि थोडा निवांत वेळ एवढं पुरतं. प्रत्येक कपाचे तीन तुकडे सुटतात. दोन कपांच्या मधला चिमुकला तुकडा आणि त्याचं अस्तर सुटतं. मग कपांखालची चौकट, पाठीकडे जाणारे दोन जाळीदार पंख, वेगवेगळ्या रुंदीची इलॅस्टिक, खांद्यावरच्या पट्ट्यांच्या कड्या, हुकांची पट्टी आणि शेवटी दोन नळ्यांतून सरकत बाहेर येणाऱ्या दोन वायरी. मोजले तर पंचवीसच्या वर नग भरतात. हे सगळं टेबलावर मांडून एकेक तुकडा दोन्ही हातांनी ताणून पाहा. कपांचं कापड जेमतेम ताणतं. कपांच्या मधला तुकडा अजिबात ताणत नाही, खालची चौकटही नाही. खरोखर ताणतात ते फक्त पाठीकडचे पंख आणि खालच्या कडेचं इलॅस्टिक.

ही विभागणी मुद्दाम केलेली असते. पुढची बाजू आकार धरून ठेवते आणि पाठीकडची बाजू त्या आकाराला बरगड्यांवर दाबून ठेवते. दुकानात आपण कप पाहतो, कपाचं अक्षर विचारतो, आणि घरी आल्यावर वायर टोचली तर वायरला दोष देतो. पण कप आणि वायर ज्याच्या आधाराने उभे असतात तो बँड चुकीचा असेल, तर उत्तम शिवलेला कपही काही करू शकत नाही. हे पटण्यासाठी कप कसा तयार होतो, वायर कुठे बसते आणि बँड नेमकं काय करतो, हे त्याच क्रमाने पाहावं लागेल.

कापड सपाट असतं आणि स्तन गोलाकार, इथून कपाची सगळी अडचण सुरू होते. एक छोटा प्रयोग करता येईल. दहा सेंटिमीटर त्रिज्येचं कागदाचं वर्तुळ कापा. त्यातून केंद्रापर्यंत जाणारी पाचर काढा, वर्तुळाच्या सहाव्या भागाएवढी, आणि उरलेल्या कडा एकमेकींना जोडा. साडेपाच सेंटिमीटर उंचीचा शंकू तयार होतो. पाचर तिसऱ्या भागाएवढी काढली तर उंची साडेसात सेंटिमीटरच्या जवळ जाते, पण तळाची त्रिज्या सव्वाआठवरून पावणेसातच्या खाली उतरते. म्हणजे जास्त कापड काढलं की कप खोल होतो आणि त्याच वेळी अरुंदही होतो. कप मोठा करायचा असेल तर नुसती पाचर वाढवून भागत नाही, मूळ तुकडाही मोठा घ्यावा लागतो. म्हणून एका मापाचा कप थोडा सैल किंवा घट्ट करून दुसऱ्या मापाचा करता येत नाही. प्रत्येक मापाचा साचा वेगळा काढावा लागतो.

कागदाच्या या शंकूला टोक येतं, कारण सगळी पाचर एकाच रेषेत काढलेली असते. १९५०च्या दशकात असे टोकदार कप फॅशनमध्येच होते. गोलाई हवी असेल तर तीच पाचर दोन-तीन शिवणींमध्ये वाटून द्यावी लागते आणि प्रत्येक शिवणीची कड सरळ न ठेवता बाकदार कापावी लागते. आपल्याकडच्या शिंप्यांना हे वेगळं सांगायला नको. कटोरी ब्लाऊजमध्ये टक्स घालण्याऐवजी छातीचा गोल भाग वेगळा कापून जोडतात, त्यामागे हेच गणित आहे. फरक एवढाच, की ब्लाऊज आतल्या ब्राने आधीच दिलेल्या आकारावर बसतो, तर ब्राच्या कपाला तो आकार स्वतः घडवायचा असतो आणि दिवसभर पेलायचाही असतो.

तीन तुकड्यांचा कप घेऊ, कारण वायरच्या ब्रामध्ये हा प्रकार फार पाहायला मिळतो. खालचा अर्धा भाग दोन तुकड्यांचा, त्यांच्यामध्ये उभी शिवण. वरचा अर्धा भाग एका तुकड्याचा. दोन्ही अर्धे जोडणारी आडवी किंवा किंचित तिरपी शिवण स्तनाग्रावरून जाते. दोन्ही शिवणी जिथे भेटतात तो कपाचा सर्वांत पुढे आलेला बिंदू. हा बिंदू शरीरावरच्या बिंदूशी जुळला नाही तर कपाची खोली बरोबर असूनही तो नीट बसत नाही. बिंदू खाली पडला तर वरच्या भागात चुणी पडतात आणि बघणाऱ्याला वाटतं, कप मोठा झाला. तो आतल्या बाजूला सरकला तर काखेकडचा मांसल भाग दाबला जातो. जोडल्या जाणाऱ्या दोन कडा दिसायला वेगळ्या बाकाच्या असतात, पण शिवणरेषेवर मोजल्या तर दोन्हींची लांबी सारखीच भरावी लागते. त्यात दोन-तीन मिलिमीटरची चूक झाली तरी कप पिळल्यासारखा बसतो. शिवणीसाठी कापड सोडतात तेही सहा मिलिमीटर, ब्लाऊजच्या अर्ध्या इंचाच्या मायेपेक्षा बरंच कमी. इतक्या छोट्या, वळणदार तुकड्यात जास्त माया आत दुमडून राहिली तर ती टोचते आणि गोलाईही मोडते.

कापडाची दिशाही इथे फार महत्त्वाची. विणलेल्या कापडाला एका बाजूला जास्त ताण असतो, दुसऱ्या बाजूला कमी. खांद्याच्या पट्टीपासून कपाच्या तळापर्यंत जी रेषा जाते, त्या रेषेत कापड शक्य तितकं कमी ताणलं पाहिजे, कारण वजन त्याच दिशेने खाली ओढतं. मध्यम आकाराच्या एका स्तनाचं वजन अर्धा किलोच्या आसपास असतं आणि स्तनाच्या आत त्याला उचलून धरणारा स्नायू नसतो. त्वचा आणि आतले तंतूंचे नाजूक बंध एवढाच नैसर्गिक आधार. ब्रिटिश शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी १८४०मध्ये या बंधांचं वर्णन केलं, म्हणून ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात. अशा भाराखाली ताणाचं कापड चुकीच्या दिशेने कापलं गेलं, तर कप काही धुण्यांतच खाली ओघळतो. मोठ्या कपांना त्यामुळे आतून न ताणणाऱ्या पातळ जाळीचं अस्तर देतात. कधी काखेच्या बाजूला चौथा, उभा तुकडाही लावतात. तो बाजूचा भाग पुढे वळवतो.

बिनशिवणीचे फोमचे कप वेगळ्या पद्धतीने होतात. फोमचा सपाट पत्रा दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या धातूच्या साच्यात दाबतात आणि थंड झाल्यावर गोलाई कायम राहते. टी-शर्टखाली तो गुळगुळीत दिसतो हे खरं. पण त्याचा आकार साच्याने आधीच ठरवलेला असतो, आपलं शरीर त्यात भरायचं असतं. वर कमी आणि खाली जास्त भरलेला स्तन अशा कपात घातला की वरच्या कडेला पोकळी राहते. शिवणींच्या कपात ती पोकळी कमी होते, कारण कापड शरीराप्रमाणे थोडं वळतं. माझं स्पष्ट मत असं, की ज्यांना आधाराची जास्त गरज आहे त्यांनी शिवणी दिसतात म्हणून असा कप नाकारू नये. त्या शिवणीच वजन पेलतात.

आता वायर. स्तनांना आधार देण्यासाठी मारी टुसेक या महिलेने अमेरिकेत १८९३मध्ये एका साधनाचं पेटंट मिळवलं होतं. पण वायरच्या ब्राचा खरा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला, जेव्हा लष्करी कामात गुंतलेलं पोलाद पुन्हा बाजारात आलं. वायर स्तन उचलते असं अनेकींना वाटतं. तसं नाही. वायर ही कपाच्या खालच्या कडेची सीमा आहे. स्तनाच्या मुळाशी, जिथे तो छातीच्या भिंतीला मिळतो, तिथे त्वचेची एक अर्धवर्तुळाकार घडी असते. वायरने नेमकं त्या घडीत, बरगड्यांवर बसायचं असतं. कपाचं कापड वजनामुळे खाली आणि पुढे ओढलं जातं, ती ओढ वायर आपल्या पूर्ण लांबीवर पसरवते आणि चौकटीकडे, तिथून बँडकडे देते. वायर नसती तर तीच ओढ कपाच्या कडेवर दोन-चार ठिकाणी गोळा झाली असती आणि कड मुडपली असती.

उसवलेल्या ब्रामधली वायर हातात घेऊन पाहिली तर ती गोल तारेसारखी नसते. साधारण दोन मिलिमीटर रुंदीची पोलादाची चपटी पट्टी असते, तिच्यावर नायलॉनचा थर आणि दोन्ही टोकांना जाड, गुळगुळीत टोप्या. छातीच्या मध्याकडचं टोक बहुधा आखूड, काखेकडचं लांब. ब्रा घातल्यावर बँड दोन्ही बाजूंनी मागे ओढतो, त्या ओढीने वायर थोडी फाकते आणि स्प्रिंगसारखी परत मिटायचा प्रयत्न करते. साचा काढणाऱ्याने हे फाकणं आधीच धरलेलं असतं. म्हणून सुटी वायर अंगावर ठेवली तर जराशी अरुंद वाटते आणि तेच बरोबर असतं. पण स्तन कपापेक्षा मोठा असेल तर वायर ठरवल्यापेक्षा जास्त फाकते, पुन्हा पुन्हा वाकते, आणि एक दिवस तळाशी तुटते. तुटलेली वायर पाहून वायर हलकी होती असं आपण म्हणतो, खरं तर तो कप लहान होता.

ही वायर ज्या नळीत बसते तिला कारागीर चॅनलिंग म्हणतात. दिसायला ती एक सेंटिमीटरच्या आसपास रुंदीची मऊ फीत, पण आतून पोकळ. शरीराकडची बाजू लोकरीसारखी खरवडलेली, आतली बाजू गुळगुळीत, आणि लांबीला अजिबात न ताणणारी. शेवटचा गुण फार महत्त्वाचा, कारण कपाच्या तळाच्या वळणाची लांबी या नळीने पक्की होते. नळी ताणली तर वायर आत पुढे-मागे सरकायला लागते आणि एक टोक सतत शिवणीवर घासतं. काही घरगुती शिवणकामात या नळीऐवजी साधी सुती पट्टी दुहेरी करून वापरतात. एका पदराच्या सुती कापडातून वायरचं टोक काही महिन्यांत बाहेर येतं.

नळी लावायची पद्धत वाचून क्लिष्ट वाटेल, पण तिच्यामुळेच वायर नेमकी कुठे बसणार ते ठरतं. आधी कप चौकटीला जोडतात. मग नळीची एक कड त्या शिवणीला लावून फक्त शिवणीच्या मायेवर शिवतात. त्यानंतर नळी आणि माया दोन्ही खाली, म्हणजे कपापासून दूर, चौकटीकडे वळवतात आणि नळीच्या दोन्ही कडांवरून समांतर शिलाई घालतात. या दोन शिलायांमध्ये वायरची वाट तयार होते. नळी चौकटीकडे वळवली म्हणून वायर बरगड्यांवर बसते. चुकून कपाकडे वळवली गेली तर वायर स्तनावर चढते, कपाची जागा कमी होते आणि दुखतं. दोन शिलायांपैकी एखादी आत सरकून नळीची वाट अरुंद झाली तरी वायर अडकते आणि दिवसभर चौकट एका बाजूला ओढत राहते. काखेच्या टोकाला शिलाई दोनेक सेंटिमीटर आधीच थांबवतात, कारण तिथे नळीखालून काखेचं इलॅस्टिक जायचं असतं. ते शिवून झाल्यावर नळी पूर्ण करतात, वायर आत सरकवतात आणि तोंड दाट झिगझॅग शिलाईने बंद करतात.

वायर नळीएवढीच लांब असून चालत नाही. दोन्ही टोकांना सुमारे सहा-सहा मिलिमीटर मोकळी जागा लागते. समजा नळीची बंद शिलाईपासून बंद शिलाईपर्यंतची लांबी २२ सेंटिमीटर आहे, तर वायर जास्तीत जास्त २०.८ सेंटिमीटर हवी. वायर फाकते, शरीर वळतं, श्वास घेताना बरगड्या हलतात, या सगळ्या हालचालींना ही मोकळी जागा लागते. ती नसेल तर वायरचं टोक प्रत्येक हालचालीत शिलाईवर ठोकर देतं आणि नवी ब्राही दोन-तीन महिन्यांत फाटते. वायर वर यायची हमखास जागा म्हणजे कपांच्या मधला भाग. अनेकींच्या दोन स्तनांमधलं अंतर मधल्या तुकड्याच्या रुंदीपेक्षा कमी असतं आणि अशा वेळी वायरींची वरची टोकं स्तनावर बसतात. त्यासाठी मध्ये वायर आखूड असलेला किंवा मधला तुकडा अरुंद असलेला नमुना घ्यावा लागतो. मोठा कप घेऊन हे सुटत नाही.

वायरमुळे स्तनांचा कर्करोग होतो, ही भीती आपल्याकडेही अनेकींच्या मनात आहे. सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातील संशोधकांनी २०१४मध्ये दीड हजारांहून अधिक महिलांच्या माहितीवरून हा प्रश्न तपासला. ब्रा किती तास घातली, वायरची होती का, कोणत्या वयापासून वापरली, यांपैकी कशाचाही रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनकर्करोगाशी संबंध आढळला नाही.

आता बँडकडे येऊ. कपातलं वजन पुढे असतं, म्हणून ते कपाला खाली ओढतंच, शिवाय पुढे कलंडवायलाही बघतं. कलंडताना दोन वायरींच्या मधला तुकडा छातीच्या हाडापासून सुटतो. त्याला रोखतो तो बँडचा मागे जाणारा ताण. बँड घेराभोवती घट्ट बसला की चौकट बरगड्यांवर दाबली जाते, वायर घडीत थांबते आणि खांद्याच्या पट्ट्यांना फक्त कपाची वरची कड सावरावी लागते. दुकानात यासाठी ऐंशी-नव्वद टक्के भार बँडवर, असा आकडा सांगतात. प्रत्येक शरीराला एकच आकडा लागू होत नाही, पण मुख्य भार कुठे जायला हवा हे सोप्या पद्धतीने तपासता येतं. ब्रा घालून दोन्ही पट्टे खांद्यावरून खाली उतरवा. बँड योग्य असेल तर कप जवळजवळ आहे तिथेच राहतो. तो सरळ खाली आला तर आजवर सगळं वजन खांद्यांवर होतं.

बँड सैल असला की पुढे काय होतं, ते फार जणींनी अनुभवलं आहे. कप खाली येतो. म्हणून पट्टे आवळले जातात. पण पट्टे मागे कशाला जोडलेले असतात? बँडलाच. सैल बँडला पट्टे वर ओढतात, बँड पाठीवर चढतो, आणि मागची बाजू वर गेली की पुढची बाजू आणखी खाली येते. मग पट्टे पुन्हा आवळले जातात. खांद्यात वळ, मानेत दुखणं, काखेत टोचणारी वायर, सगळं या एकाच चक्रातून येतं, आणि आपण मात्र रुंद पट्ट्यांची ब्रा शोधत बसतो. बँड पाठीवर जमिनीला समांतर, किंवा समोरच्या कडेपेक्षा किंचित खाली असायला हवा.

आपल्या जुन्या खणाच्या चोळीची गाठ आठवा. ती छातीखाली बांधायची असे आणि किती आवळायची ते घालणारी रोज स्वतः ठरवत असे. घेर आधी, बाकी नंतर, हा क्रम त्या गाठीत होता. छापील मापांच्या ब्रामध्ये तो हरवला, आणि याला कारण मापं ठरवायची पद्धत.

कपांना अक्षरं द्यायची कल्पना १९३२मध्ये अमेरिकेतल्या एस. एच. कॅम्प कंपनीने आणली आणि १९३७मध्ये वॉर्नर्स कंपनीने ती वापरात घेतली. ड्यूपॉण्ट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्सचा ताणणारा धागा शोधला तो १९५८मध्ये. त्याआधीचे बँड फारसे ताणत नसत, त्यामुळे छातीखालच्या घेरात चार इंच मिळवून येईल तो बँड, असा हिशेब रूढ झाला. श्वासासाठी आणि हालचालीसाठी तेवढी जागा लागत असे. आजचे बँड ताणूनच घालायचे असतात. ७६ सेंटिमीटर घेरासाठी केलेला बँड टेबलावर ताण न देता मोजला तर साठ-बासष्टच्या आसपास भरतो. तरीही काही तक्त्यांमध्ये चार-पाच इंच मिळवायचा सल्ला अजून छापलेला असतो.

याचा परिणाम एका उदाहरणाने पाहू. समजा एका बाईचा छातीखालचा घेर, श्वास सोडून, टेप घट्ट धरून, ३० इंच आहे आणि छातीचा घेर ३६ इंच. मिळवणीच्या हिशेबाने बँड ३४. छत्तिसातून चौतीस गेले, उरले दोन. एका इंचाला ए, दोनला बी. म्हणजे ३४ बी. न मिळवता हिशेब केला तर बँड ३० आणि फरक सहा इंच. ब्रिटिश क्रमात ए, बी, सी, डी, डीडी, ई असं सहावं अक्षर ई येतं. म्हणजे ३० ई. तीच बाई, तीच टेप. ई हे अक्षर ऐकून ती दचकते, कारण ई म्हणजे अवाढव्य असं आपल्याला वाटतं.

इथेच कपाच्या अक्षराबद्दलचा गैरसमज आहे. अक्षर स्वतः काहीच मोठं किंवा लहान सांगत नाही, ते फक्त बँडशी असलेला फरक सांगतं. बँड एक पायरी वाढवला आणि अक्षर एक पायरी उतरवलं, तर कपाचं आकारमान तेच राहतं. बहुतेक कारखाने या सगळ्या मापांना एकच वायर वापरतात. ३० डी, ३२ सी आणि ३४ बी यांचा कप एकच. म्हणजे ३० ई लागणाऱ्या आपल्या बाईला ३४ बीमध्ये मिळाला तो खरा ३० डीचा कप, दोन पायऱ्या लहान, आणि बँड चार इंच मोठा. कप वरून ओसंडतो, मधला तुकडा हाडाला टेकत नाही, काखेकडे मांस बाहेर येतं. ती दुकानात जाऊन सांगते, घट्ट होते. दुकानदार तिला ३६ बी देतो. या मापाचा कप ३० डीडीएवढा, म्हणजे एक पायरी मोठा, त्यामुळे ट्रायल रूममध्ये खरंच बरं वाटतं. पण बँड आता सहा इंच सैल. चार दिवसांत तो पाठीवर चढतो आणि पट्टे आवळणं सुरू होतं. असंच पुढे गेलं तर ३८ बीला तिला हवा तो कप मिळतो, कारण ३८ बी आणि ३० ई यांचा कप एकच आहे. कप अखेर बरोबर, आणि तरीही ब्रा निरुपयोगी, कारण त्याला धरून ठेवणारा बँड आठ इंच मोठा.

बँड चुकला की कप बरोबर असूनही उपयोग होत नाही. याउलट बँड बरोबर असेल आणि कप चुकला असेल तर चूक लगेच दिसते आणि एक-दोन पायऱ्या पुढे-मागे करून सुटते. म्हणून माप नेहमी बँडपासून घ्यावं. पण एक मर्यादा सांगायला हवी. न मिळवता काढलेला आकडा ही सुरुवात आहे, अंतिम उत्तर नाही. बरगड्यांवर मांस कमी असलेल्या बाईला तोच बँड बोचतो आणि तिला एक माप वरचा लागतो. मांसल पाठीच्या बाईला कधी एक माप खालचा बरा वाटतो. जाळीच्या कापडाचा ताणही प्रत्येक कंपनीचा वेगळा. अक्षरांचाही गोंधळ आहे. ब्रिटिश मालिकेत डीडीनंतर ई येतो, अमेरिकन मालिकेत डीडीनंतर डीडीडी. परदेशी ब्रा मागवताना कोणती मालिका आहे ते आधी पाहावं.

बँड आणि कप यांपैकी नेमकं काय चुकलंय, ते ओळखायची एक युक्ती आहे. ब्रा उलटी घाला. हूक पोटाच्या बाजूला, कप पाठीवर. आता कपात काहीच नाही, म्हणून अंगाला जाणवतो तो फक्त बँड. सर्वांत सैल हुकांवर दोन बोटं बँडखाली जातील, पण बँड अंगापासून फार लांब ओढला जाणार नाही, इतपत घट्ट हवा. असा उलटा घातल्यावर बँड सुखकर वाटला आणि सरळ घातल्यावर आवळला, तर दोष कपाचा आहे. कप लहान असल्याने स्तन बँडमधली जागा खातो आहे. उलटा घातल्यावरही आवळला तर बँडच लहान आहे.

बँड ठरला की कपाकडे या. ब्रा नीट घातल्यावर पुढे वाकून, हाताने काखेकडचा भाग कपात पुढे आणायला हवा. वर्षानुवर्षं लहान कप घातलेल्या बाईचा बराच भाग बाजूला ढकललेला असतो. हे केल्यावर जो कप आधी बरोबर वाटत होता तो एकदम लहान ठरतो आणि एक पायरी वरचा मागवावा लागतो. मग आरशात तीन जागा पाहा. मधला तुकडा हाडाला टेकलेला. वायर सगळीकडे घडीत, स्तनावर कुठेही नाही. काखेकडचं टोक काखेच्या मध्याकडे वळलेलं, हाताच्या आड येत नसलेलं. मधला तुकडा टेकतोय पण काखेकडे वायर मांसावर बसतेय, तर वायर अरुंद आहे. वायर काखेत वर चढून टोचतेय आणि कपाच्या बाजूला पोकळी आहे, तर वायर रुंद आहे. दोन स्तन थोडे लहान-मोठे असणं अगदी सामान्य आहे. अशा वेळी कप मोठ्या स्तनाला घ्यावा आणि लहान बाजूची पट्टी थोडी आवळावी.

नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकांवर बसली पाहिजे. हुकांच्या रांगा दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर असतात आणि त्या जाड-बारीक होण्यासाठी दिलेल्या नाहीत. जाळी आणि इलॅस्टिक वापराने सैलावतात, तेव्हा आतल्या रांगेवर यायचं असतं. दुकानात सर्वांत आतल्या हुकांवर बसलेली ब्रा दोन महिन्यांनी कुठल्याच हुकावर बसणार नाही. स्पॅन्डेक्सच्या धाग्याला पूर्ववत व्हायला वेळ लागतो, म्हणून तीच ब्रा रोज न घालता दोन-तीन आलटून पालटून घालाव्यात. धुण्याच्या मशीनमध्ये पिळली की वायरचा बाक कायमचा बदलतो, आणि गरम पाण्यात किंवा कडक उन्हात इलॅस्टिक लवकर मरतं. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना कप पटापट बदलतो, बरगड्यांचा घेरही वाढतो. त्या काळात नवं माप घेईपर्यंत हुकांना जोडायची तीन-चार इंची वाढीव पट्टी मिळते, ती लावून बँड तात्पुरता मोठा करता येतो.